४० टक्के आणि ६५ टक्के: फरक खरा की योगायोग?



सर्वेक्षण करून आलो की आपण आधी टक्केवारी काढतो आणि फरक दिसला की लगेच पोस्टर करतो. मध्ये एक पायरी राहते, तिचं नाव काय-स्क्वेअर चाचणी. यातला ‘काय’ ग्रीक अक्षर आहे, आपला प्रश्नार्थक नव्हे.

समजा, सीमाभागातल्या १०० तरुणांना आपण दोन प्रश्न विचारले. शाळा कुठल्या माध्यमात झाली? आणि सरकारी कचेरीतला कन्नड अर्ज स्वतः भरता, की दुसऱ्याकडून भरून घेता? खालचे आकडे भागाकार सोपा व्हावा म्हणून मी घेतलेत, कुठल्या गावचे नाहीत.

| माध्यम | स्वतः | दुसऱ्याकडून | एकूण |
|---|---|---|---|
| मराठी | २४ | ३६ | ६० |
| कन्नड किंवा इंग्रजी | २६ | १४ | ४० |
| एकूण | ५० | ५० | १०० |

मराठी माध्यमाचे ४० टक्के स्वतः अर्ज भरतात, बाकीचे ६५ टक्के. फरक मोठा दिसतो. पण दुसरेच १०० जण भेटले असते तर?

चाचणी इथं उलटीकडून विचार करते. माध्यमाचा आणि अर्जाचा काही संबंधच नाही, असं ती आधी धरून चालते. एकूण १०० पैकी निम्मे स्वतः भरतात. मग संबंध नसता तर मराठीच्या ६० मधलेही निम्मे, म्हणजे ३०, स्वतः भरणारे निघायला हवे होते, आणि दुसऱ्या ओळीतल्या ४० मधले २०. ही ‘अपेक्षित’ संख्या. कुठल्याही चौकटीसाठी ती काढायची तर ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण माणसं. पहिल्या चौकटीत ६० × ५० ÷ १०० = ३०.

आता प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतलं अंतर बघा. २४ आणि ३० मध्ये ६ कमी, ३६ आणि ३० मध्ये ६ जास्त. चारही चौकटींत अंतर सहाचंच, पण कुठं अधिक, कुठं उणे. नुसती बेरीज केली तर शून्य येईल, म्हणून वर्ग करायचा: ३६. मग त्याला अपेक्षित संख्येनं भागायचं, कारण २० मध्ये ६ चा फरक पडणं हे ३० मध्ये ६ चा फरक पडण्यापेक्षा जास्त बोलतं.

३६/३० + ३६/३० + ३६/२० + ३६/२० = १.२ + १.२ + १.८ + १.८ = ६

हा ६ लहान की मोठा? दोन ओळी, दोन स्तंभांच्या तक्त्यासाठी सीमा आहे ३.८४. संबंध नसताना, निव्वळ योगायोगानं, याहून मोठा आकडा शंभरात साधारण पाचच वेळा येतो. आपला ६ त्याच्या पुढं गेला. म्हणजे ‘संबंध नाही’ हे धरून चालणं आता अवघड.

या सीमेमागं एक मजेदार भांडण आहे. कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये ही चाचणी मांडली तेव्हा त्यांच्या हिशेबानं अशा तक्त्यात तीन चौकटी मोकळ्या होत्या. तशी सीमा ७.८१ होते आणि आपला ६ नापास! रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दाखवलं की बेरजा ठरलेल्या असल्या की एकच चौकट मोकळी राहते. करून बघा: ‘२४’ लिहिलं की बाकीच्या तीन आपोआप भरतात. यालाच डिग्री ऑफ फ्रीडम म्हणतात. इथं ती एक.

आता खरी गोम. समजा आपण ५० जणांनाच विचारलं आणि प्रत्येक आकडा निम्मा आला: १२, १८, १३, ७. टक्केवारी तीच, ४० आणि ६५. पण काय-स्क्वेअर येतो ३, सीमेच्या अलीकडं. म्हणून कुणी ‘फरक सिद्ध झाला नाही’ म्हणालं की ‘फरकच नाही’ असं ऐकू नका. माणसं किती विचारली ते आधी विचारा. तक्त्यात माणसांऐवजी टक्के भरण्याचा प्रकारही याच्यामुळंच फसतो. ४०, ६०, ६५, ३५ भरलं तर उत्तर १२.५ च्या आसपास येतं, कारण चाचणीला वाटतं आपण २०० जणांना भेटलो.

आणि ६ आला म्हणून माध्यमामुळंच अर्ज अडतो, असंही ठरत नाही. मराठी माध्यमाचे बरेच जण खेड्यातले आणि बाकीचे शहरातले असतील, तर फरक खेड्या-शहराचाही असू शकतो. त्यासाठी खेड्याचा आणि शहराचा तक्ता वेगळा करायचा. फक्त तेव्हा चौकटी लहान होतात. अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली की ३.८४ ची सीमा भरवशाची राहत नाही. तेव्हा फिशरचीच दुसरी चाचणी, ‘एक्झॅक्ट टेस्ट’, वापरायची, नाहीतर आणखी घरं फिरायची.