सभासदांची यादी : संस्थेकडे असलेली ठेव

(सामाजिक व हौशी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्यापैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या संस्थेचे काम पाहतात. कुणाकडे वाचनालय आहे, कुणाकडे भजनी मंडळ, तर कुणाकडे गिर्यारोहण संस्था. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे सभासदांची यादी. ती चिटणीसांच्या संगणकावर असते, खजिनदारांच्या भ्रमणध्वनीत असते आणि एखादी जुनी प्रत कार्यालयातील कपाटात असते. या यादीविषयी एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'अहो, नुसती नावेच तर आहेत. नाव ही काय गुप्त गोष्ट आहे?' आजचा विषय याच प्रश्नापासून सुरू होतो.

नाव उघड, यादी मात्र बोलकी

नाव गुप्त नसते हे खरेच. ते दारावरच्या पाटीवर असते, लग्नपत्रिकेत असते. परंतु यादी म्हणजे केवळ नावे नव्हेत. यादीला शीर्षक असते आणि ते शीर्षक प्रत्येक नावाविषयी काहीतरी सांगून जाते. 'मधुमेही रुग्णांचे स्नेहमंडळ' असे शीर्षक लिहिले आणि खाली चाळीस नावे लिहिली, दुसरा एकही रकाना आखला नाही, तरी त्या चाळीस जणांच्या प्रकृतीची माहिती त्या कागदावर उतरलीच. 'वर्गणी थकलेले सभासद' हे शीर्षक असेल तर तीच नावे आर्थिक स्थितीकडे बोट दाखवतात.

दुसरा आक्षेप असा की, एकाच नावाची माणसे पुष्कळ असतात, मग ओळख कशी पटणार? सबंध महाराष्ट्रात एखादे प्रचलित नाव हजारो जणांचे असेल. परंतु एका उपनगरातील एका गिर्यारोहण संस्थेच्या यादीत त्या नावाचा माणूस बहुधा एकच असतो. त्याला ओळखायला त्याचा पत्ता लागत नाही, यादीचा संदर्भच पुरतो. म्हणून वैयक्तिक माहितीची कसोटी 'ती गुप्त आहे का' ही नाही. 'तिच्यावरून विशिष्ट माणूस ओळखता येतो का' ही ती कसोटी आहे.

स्वीडनमधील एक खटला

ही कसोटी किती लांब पोहोचते, हे पाहण्यासाठी एक खटला समजून घेण्याजोगा आहे. स्वीडनमधील बोडिल लिंडक्विस्ट या महिला तेथील चर्चमध्ये सेवाभावाने धर्मशिक्षणाचे काम करीत. १९९८ च्या अखेरीस त्यांनी दीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या सोयीसाठी घरच्या संगणकावर काही पाने तयार केली व ती इंटरनेटवर ठेवली. त्यांत स्वतःची आणि अठरा सहकाऱ्यांची ओळख होती. कुणाचे पूर्ण नाव, कुणाचे केवळ पहिले नाव, कामाचे स्वरूप, छंद, काहींचे दूरध्वनी क्रमांक. एका सहकारी महिलेच्या पायाला दुखापत झाल्याने ती अर्धवेळ रजेवर आहे, हेही सहजपणे लिहिले होते. सहकाऱ्यांना विचारलेले नव्हते. काहींना ते रुचले नाही हे कळताच लिंडक्विस्ट यांनी पाने काढून टाकली. तरीही खटला झाला व चार हजार क्रोनरचा दंड ठोठावला गेला.

अपिलात प्रश्न युरोपीय न्यायालयापुढे गेला आणि ६ नोव्हेंबर २००३ रोजी निर्णय आला. नाव, दूरध्वनी क्रमांक किंवा छंद यांवरून माणसाचा उल्लेख करणे म्हणजे वैयक्तिक माहिती हाताळणेच होय, असे न्यायालयाने सांगितले. काम सेवाभावी वा धार्मिक आहे, एवढ्यावरून सूट मिळत नाही. पायाच्या दुखापतीचा उल्लेख ही आरोग्यविषयक माहिती ठरली. घरगुती वापराची सवलतही नाकारली गेली, कारण पाने अगणित लोकांना खुली होती. या प्रकरणात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. आपल्या संस्थांतही तो वाईट नसतो, आणि म्हणूनच हे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे.

आपल्याकडील कायदा

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून माहिती बाळगणाऱ्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. तयारीसाठी दिलेला हा अवधी आहे.

या कायद्यानेही ओळखता येण्याची कसोटीच स्वीकारली आहे. 'व्यक्ती' या शब्दात नोंदणीकृत असो वा नसो, माणसांचा कोणताही संघ येतो. म्हणजे आपले मंडळही आले. एखाद्याने घरगुती कामासाठी ठेवलेली नावे कायद्याबाहेर आहेत, मंडळाची यादी नाही. केवळ कागदावर राहिलेली नोंदवही या कायद्याच्या कक्षेत येत नाही. परंतु ती संगणकात उतरवली की येते. अर्थात, जुने अर्ज रद्दीत गेले आणि त्यांच्या पुड्या बांधल्या गेल्या, तर सभासदाचे नुकसान व्हायचे ते होतेच.

एका यादीची तपासणी

आता एक नमुना घेऊ. कल्पना करा, एका गिर्यारोहण संस्थेचे १८० सभासद आहेत. चिटणीसांकडे एकच फाइल आहे आणि तिच्यात हे रकाने आहेत : नाव, पत्ता, भ्रमणध्वनी, जन्मतारीख, आधार क्रमांक, व्यवसाय, रक्तगट, आजार, संकटसमयी कळवावयाच्या नातेवाइकाचा क्रमांक आणि वर्गणी. दर मोहिमेला हीच फाइल नेत्याला पाठवली जाते.

प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारावा : हे कशासाठी? नाव, पत्ता व भ्रमणध्वनी हे सभेची सूचना देण्यासाठी व मतदानाचा हक्क ठरवण्यासाठी लागतात. आधार क्रमांकाला उत्तर सापडत नाही. तो रकाना पुसावा. व्यवसायही तसाच. जन्मतारखेमागील खरा हेतू सभासद अठरा वर्षांखालील आहे का, हे कळणे हा असेल, तर जन्मवर्ष व महिना पुरतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा कायदा मागतो, म्हणून ते कळणे आवश्यकच आहे.

रक्तगट आणि आजार यांचा हेतू खरा आहे, पण तो मोहिमेपुरता आहे. म्हणून ही माहिती कायमच्या यादीत न ठेवता प्रत्येक मोहिमेच्या वेळी ताज्या चिठ्ठीवर घ्यावी. ती फक्त नेत्याजवळ राहावी आणि मोहीम निर्विघ्न पार पडल्यावर, समजा पंधरा दिवसांत, फाडून नष्ट करावी. अपघात घडला असेल तर विम्याचे काम संपेपर्यंत ठेवावी. यात आणखी एक लाभ आहे : तीन वर्षांपूर्वी लिहिलेल्या औषधावर विसंबून उपचार होण्याचा धोका टळतो. नातेवाइकाचा क्रमांक ही तर तिसऱ्याच माणसाची माहिती. तीही चिठ्ठीवरच असावी आणि त्या नातेवाइकाला तसे सांगितलेले असावे.

आता एका फाइलीच्या दोन झाल्या. सभासद नोंदवही चिटणीसांकडे, वर्गणीची नोंद खजिनदारांकडे. मोहिमेच्या नेत्याला हवी ती फक्त येणाऱ्यांची नावे आणि क्रमांक.

कुलूप कोणते खरे?

एक्सेलमध्ये `Protect Sheet` नावाची सोय आहे. तिने नोंदी चुकून बदलल्या जात नाहीत, परंतु वाचणाऱ्याला ती अडवत नाही. खरे कुलूप `Encrypt with Password` हे आहे. त्यात मजकूरच सांकेतिक रूपात जातो. फाइल `.xlsx` या प्रकारची असावी; जुन्या `.xls` फाइलीचे कुलूप दुबळे असते. परवलीचा शब्द विसरला तर फाइल गेलीच, म्हणून तो बंद लखोट्यात अध्यक्षांकडे ठेवावा. त्याच कुलुपासह एक प्रत पेनड्राइव्हवर दुसऱ्या पदाधिकाऱ्याच्या घरी असावी. फाइल गुगल ड्राइव्हवर असेल तर तिची वाटणी `Anyone with the link` अशी नसावी, `Restricted` अशी असावी आणि नावे मोजून दोन-तीनच असावीत.

माहिती बाहेर पडते ती बहुधा चोरीने नव्हे, पाठवताना. लपवलेला रकाना हा पुसलेला रकाना नव्हे; मिळालेल्या फाइलीत दोन कळा दाबताच तो पुन्हा दिसतो. म्हणून पाठवायची नावे नव्या कोऱ्या फाइलीत उतरवावीत. १८० जणांना ई-मेल पाठवताना पत्ते `Cc` मध्ये घातले, तर सारी यादी साऱ्यांच्या हाती जाते. ते `Bcc` मध्ये घालावेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो, विशेषतः भगिनींना याचा उपद्रव होऊ शकतो. तेव्हा गटात घेण्यापूर्वी विचारावे. केवळ सूचना द्यायच्या असतील तर प्रसारण यादी बरी, मात्र ज्यांनी आपला क्रमांक साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो, हे ध्यानात ठेवावे.

कुलपालाही मर्यादा आहे. ज्याच्याकडे किल्ली आहे, त्याच्यापासून ते काही वाचवत नाही. म्हणून कार्यकारिणी बदलली की त्याच आठवड्यात परवलीचा शब्द बदलावा, जुन्या पदाधिकाऱ्यांचा प्रवेश काढावा आणि त्यांच्या जवळच्या प्रती पुसून घ्याव्यात. यात अविश्वास नाही. तिजोरीच्या किल्ल्याही आपण सुपूर्द करतोच.

हरवले तर

चिटणीसांचा भ्रमणध्वनी हरवला, तर प्रथम दुसऱ्या यंत्रावरून खात्याचा परवलीचा शब्द बदलावा व हरवलेल्या यंत्रावरील प्रवेश बंद करावा. मग त्यात कोणती यादी होती, कुलूपबंद होती की उघडी, हे लिहून काढावे. उघडी असेल तर सभासदांना विनाविलंब कळवावे : काय गेले, कशापासून सावध राहावे, विचारणा कुणाकडे करावी. नव्या नियमांनुसार संरक्षण मंडळालाही विलंब न लावता कळवून ७२ तासांत सविस्तर माहिती द्यावयाची आहे. इथे आपल्या तपासणीचे फळ दिसते. जुनी एकच फाइल हरवली असती तर आजार व आधार क्रमांकही गेले असते. आता गेले तर नाव, पत्ता, क्रमांक आणि फार तर जन्मवर्ष व महिना.

जो सभासद संस्था सोडतो, त्याचे काय? हिशेबासाठी लागणारी वर्गणीची नोंद ठेवावी. बाकीचे, हेतू संपला की पुसावे. आणि नव्या अर्जावर चार ओळी शुद्ध मराठीत छापाव्यात : आम्ही काय घेतो, कशासाठी, कोण पाहतो, आणि दुरुस्ती वा नाव काढण्यासाठी कुणाला भेटावे. सूचना आपल्या भाषेत मिळण्याचा पर्याय कायद्यानेच दिला आहे.

माझी विनंती एवढीच की, येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत आपली यादी पटलावर ठेवावी आणि एकेका रकान्यापुढे त्याचा हेतू लिहावा. ज्या रकान्यापुढची जागा कोरी राहील, तो त्याच बैठकीत पुसावा.