शून्यांच्या बाजूने: आकड्यातल्या एका पट्टीचं समीकरण



लिफ्टमध्ये मजला दाखवणारा किंवा पेट्रोल पंपावर लिटर दाखवणारा आकडा सात छोट्या पट्ट्यांचा असतो, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. या पट्ट्यांना a ते g अशी नावं आहेत. सगळ्यात वरची आडवी ती a. तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत गेलं की b, c, d, e, f येतात, आणि मधली आडवी ती g. मी आज मुख्यतः डावीकडच्या खालच्या पट्टीबद्दल, म्हणजे e बद्दल बोलणार आहे. एकच फलन दोन रूपांत कसं लिहायचं, एका रूपातून दुसऱ्यात कसं जायचं, आणि दुसरं रूप के-मॅपवरच्या शून्यांवरून सरळ कसं उचलायचं, हे सगळं ही एक पट्टी नीट दाखवते.

आकडा बीसीडीत येतो, म्हणजे A, B, C, D अशा चार तारांवरून. A चं वजन आठ, B चं चार, C चं दोन आणि D चं एक. e ही पट्टी ०, २, ६ आणि ८ या आकड्यांना पेटते. १, ३, ४, ५, ७ आणि ९ ला विझलेली असते. पट्टी पेटली म्हणजे एक, विझली म्हणजे शून्य, असं आपण धरू. प्रत्यक्ष काम करताना हे आधी विचारून घ्यावं लागतं. कॉमन ॲनोड डिस्प्लेला पट्टी पेटवायला शून्य द्यावं लागतं, आणि तिथे खालच्या दोन्ही याद्यांची अदलाबदल होते.

आता ट्रुथ टेबलची प्रत्येक ओळ दोन प्रकारे पकडता येते. मिनटर्म म्हणजे असा गुणाकार, जो फक्त त्याच ओळीत एक होतो आणि बाकी पंधरा ओळींत शून्य. ६ ची ओळ 0110, म्हणून तिचा मिनटर्म A'BCD'. इथे शून्य असलेल्या चलावर बार येतो. मॅक्सटर्म त्याच्या उलट वागतो: ती एक बेरीज असते, फक्त आपल्या ओळीत शून्य आणि बाकी सगळीकडे एक. ४ ची ओळ 0100. बेरीज शून्य व्हायची तर तिच्यातला प्रत्येक भाग शून्य झाला पाहिजे. A, C, D तिथे आधीच शून्य आहेत, ते तसेच राहतात. B एक आहे, म्हणून त्याच्यावर बार देऊन त्याला शून्य करावं लागतं. मिळतं (A+B'+C+D). बार नेमका उलट चलावर का जातो, हे पाठ करायची गरज नाही. या ओळीत ही बेरीज शून्य व्हायला हवी, एवढं मनात ठेवलं की बार आपोआप योग्य जागी पडतो.

आपल्या पट्टीची दोन रूपं अशी:

```
e = Σm(0,2,6,8)       + d(10,11,12,13,14,15)
e = ΠM(1,3,4,5,7,9)   · d(10,11,12,13,14,15)
```

पहिल्यातून दुसऱ्यात जायचा नियम वर्गात एका वाक्यात सांगितला जातो: जे आकडे यादीत नाहीत ते घ्या आणि सिग्माच्या जागी पाय लिहा. यामागचं कारण डी मॉर्गनच्या नियमात आहे. e चा कॉम्प्लिमेंट म्हणजे e जिथे शून्य आहे त्या ओळींच्या मिनटर्मची बेरीज. त्या बेरजेवर पुन्हा बार दिला की बेरजेचा गुणाकार होतो आणि प्रत्येक मिनटर्मचा त्याच क्रमांकाचा मॅक्सटर्म होतो. ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याकडच्या मदुराईत जन्मला; त्याचा नियम शिकताना मुलांना हे सांगावं असं मला वाटतं.

पण ‘जे यादीत नाहीत ते घ्या’ या वाक्याने फार घात केला आहे. बीसीडीत १० ते १५ हे सहा क्रमांक कधी येतच नाहीत. तिथे पट्टी पेटली काय, विझली काय, आपल्याला फरक पडत नाही. या डोन्ट केअर ओळी. विद्यार्थी सिग्माची यादी बघतो, सोळातून चार वजा करतो आणि ΠM मध्ये बारा आकडे भरून मोकळा होतो. मिळालेलं समीकरण दहाही अंक बरोबर दाखवतं, त्यामुळे ब्रेडबोर्डवर काहीच खटकत नाही. नुकसान होतं ते वेगळ्या जागी: त्या सहा ओळींना त्याने विनाकारण शून्य केलं, आणि आता त्यांनाही झाकण्यासाठी (A'+C') असा एक जास्तीचा कंस लिहावा लागतो. रूप बदलताना डोन्ट केअरची यादी जशीच्या तशी पलीकडे न्यायची असते. अदलाबदल फक्त एकांची आणि शून्यांची. तपासायला सोपा हिशेब आहे. चार चलं असतील तर तिन्ही याद्यांमधले आकडे मिळून सोळाच भरले पाहिजेत आणि एकही आकडा दोनदा आला नाही पाहिजे. आपल्याकडे चार, सहा आणि सहा.

आता के-मॅप. बेल लॅब्जमधल्या मॉरिस कार्नोने १९५३ मध्ये तो मांडला. त्याच्या आदल्या वर्षी एडवर्ड वीचने असाच एक तक्ता दिला होता. कार्नोने ओळी आणि स्तंभ 00, 01, 11, 10 या क्रमाने लावले, त्यामुळे शेजारच्या दोन घरांत एकाच चलाचा फरक उरतो. आपल्या e चा नकाशा असा दिसतो:

```
AB\CD   00  01  11  10
 00      1   0   0   1
 01      0   0   0   1
 11      X   X   X   X
 10      1   0   X   X
```

एकांकडे बघायची सवय काही वेळ बाजूला ठेवा आणि शून्यं बघा. मधले दोन्ही स्तंभ, 01 आणि 11, शून्यांनी आणि X नी भरलेले आहेत. त्या आठ घरांचा एकच गट होतो. त्या गटात A, B, C सगळे बदलतात. D मात्र सगळीकडे एक आहे. गटातल्या घरांत शून्य यायला हवं, म्हणून लिहायचं D'. एका चलात पाच शून्यं संपली. उरलं ४ क्रमांकाचं शून्य. ते एकटं नाही. त्याच्या उजवीकडे ५ आहे, खाली १२ आणि १३ ची X घरं आहेत. या चौघांत B सतत एक आणि C सतत शून्य. म्हणून कंस (B'+C). ५ चं घर दोन्ही गटांत आलं, त्याला हरकत नाही.

e = D'(B'+C)

हेच उत्तर वळसा घालूनही येतं. शून्यांचे गट नेहमीसारखे गुणाकार म्हणून वाचले तर e' = D + BC' मिळतं, आणि त्यावर डी मॉर्गन लावला की वरचं समीकरण. सुरुवातीला दोन्ही वाटांनी करून बघावं. नंतर सरळ वाट पुरते, पण तिथे एक चूक हमखास होते: हात मिनटर्मच्या सवयीने चालतो आणि (B'+C) च्या जागी (B+C') लिहून जातो. ती पकडायला पूर्ण टेबल तपासावं लागत नाही. गटातली एक ओळ घ्या, म्हणजे ४ ची: B एक, C शून्य. (B+C') ची किंमत एक येते, आणि आपल्याला तर शून्य हवं होतं. प्रत्येक कंसासाठी त्याच्याच गटातली एक ओळ अशी घालून बघितली की बारची चूक तिथल्या तिथे सापडते.

एकांचे गट करून याच पट्टीचं समीकरण B'D' + CD' येतं. आता गेट मोजू. हे रूप नुसत्या दोन इनपुटच्या नँड गेटनी बांधलं, तर B आणि D उलटे करायला दोन, गुणाकारांना दोन आणि शेवटी एक, असे पाच लागतात. 7400 मध्ये चारच गेट असतात, म्हणजे दुसरी आयसी काढावी लागते. शून्यांचं रूप नॉर गेटनी बांधा. पहिला नॉर B उलटा करतो. दुसऱ्यात B' आणि C जातात. तिसऱ्यात त्याचं आउटपुट आणि सरळ D, आणि e तयार. तीन गेट, एक 7402, आणि त्यातलाही एक गेट उरतो. D उलटा करावाच लागत नाही.

इथे एका पक्क्या समजुतीला धक्का बसतो. शून्यं कमी असतील तरच शून्यांचं रूप घ्यावं, असं सांगितलं जातं. विस्तारित रूपापुरतं ते बरोबर आहे, कारण तिथे जितकी शून्यं तितके कंस. आपल्या पट्टीत मात्र शून्यं सहा आणि एक चार आहेत, तरीही संक्षिप्त रूप शून्यांकडून छोटं आलं. नकाशावर संख्येपेक्षा गटाचा आकार महत्त्वाचा ठरतो, आणि तो आधी सांगता येत नाही. दोन्ही बाजूंनी गट करून बघणं हाच खरा उपाय आहे.

आता f, म्हणजे डावीकडची वरची पट्टी. ती १, २, ३ आणि ७ ला विझते. शून्यांवरून आणि एकांवरून अशी दोन समीकरणं मिळतात:

```
f = (B+C')(C'+D')(A+B+D')
f = A + C'D' + BC' + BD'
```

पहिल्याचे कंस सोडवून दुसरं मिळतं का हे बघणारा चिकित्सक विद्यार्थी इथे गोंधळतो, कारण ते मिळत नाही. १० ची ओळ, म्हणजे 1010, घालून बघा. पहिलं समीकरण शून्य देतं, कारण (B+C') शून्य होतं. दुसरं एक देतं, कारण A एक आहे. ११ आणि १५ लाही तसंच. तरी दोन्ही समीकरणं बरोबर आहेत. शून्यांचे गट करताना आपण ती X घरं शून्य मानली, एकांचे गट करताना तीच एक मानली. ० ते ९ मध्ये दोघांचं एकमत आहे आणि आपल्याला तेवढंच हवं होतं. म्हणून डोन्ट केअर असलेल्या गणितात दोन उत्तरं बीजगणिताने जुळवू नयेत, टेबलातल्या ठरलेल्या ओळींनी जुळवावीत. परीक्षकांनीही हे लक्षात ठेवावं, नाहीतर बरोबर उत्तराचे गुण कापले जातात.

पण X ला जी किंमत मिळाली ती मिळालीच. सर्किट बांधल्यावर घर मोकळं राहत नाही. इनपुटची एखादी तार सुटली आणि चुकून १० क्रमांक आला, तर या दोन सर्किटांवर दोन वेगळ्या आकृत्या उमटतील. बाजारातल्या 7447 ने आपल्यापुरता निर्णय घेऊन टाकला आहे: १० ते १४ ला विचित्र आकृत्या, आणि १५ ला सगळ्या पट्ट्या बंद.

घरी गेल्यावर c ही पट्टी करून पाहा. ती फक्त २ ला विझते, म्हणजे नकाशावर शून्य एकच. उत्तर एका कंसात आलं पाहिजे, आणि त्यात A असता कामा नये. A उरला असेल, तर २ च्या शेजारचं १० चं X घर तुमच्याकडून घ्यायचं राहिलं आहे.