वाट बघायची ती दवाखान्यात, घरी नाही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्रीय समन्वयकांनी केलेले बोलणे)

आज फक्त मण्यारबद्दल बोलते, कारण हा साप फसवतो. तो बहुतेक रात्रीच, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणसुद्धा कधी दिसत नाही.

समजा, रात्री दोनला सासूबाईंना हाताला काहीतरी टोचलं. अंथरुणाजवळून साप सरपटताना दिसला. हात बरा दिसतो, म्हणून घरचे म्हणतात, सकाळपर्यंत बघू. कुणी लिंबाचा पाला चावायला देतं. कडू लागला, म्हणजे विष नाही! पण या विषाने जिभेची चव जात नाही. ते नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. हे सगळं काही तासांनी सुरू होतं. पापणी पडली तेव्हा गाडी शोधायला निघालात, तर श्वास रस्त्यातच थांबू शकतो.

मांत्रिकाकडे गेलेली माणसं बरी होतात, असं तुम्ही म्हणाल. होतात ना. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी चावताना विष सोडत नाही. ती माणसं तशीही वाचलीच असती.

म्हणून दोनलाच १०८ ला फोन करायचा. जवळच्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आहे का, हेही फोनवर विचारा, म्हणजे हेलपाटा होणार नाही. बांगड्या, अंगठी लगेच काढा. हाताला पट्टी किंवा काठी लावून ओढणीने सैलसर बांधा. हलला नाही म्हणजे झालं. करकचून आवळू नका, चिरू नका, चोखू नका. आधीच कुणी घट्ट आवळलं असेल तर वाटेत एकदम सोडू नका, ते डॉक्टरांना करू द्या. सासूबाईंना चालवू नका. गाडी नसेल तर मोटारसायकलवर मध्ये बसवा, मागून एकीने धरा. उलटी येत असेल, गुंगी असेल तर गाडीत कुशीवर झोपवा. चहा, पाणी, दारू काही पाजू नका, श्वासनलिकेत जाईल. आणि लक्ष ठेवा: पापणी किती वाजता पडली, बोलणं कधी बदललं. ते डॉक्टरांना सांगा. साप शोधत बसू नका. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालते.

दवाखान्यात गेल्यावर लगेच सुई देत नाहीत म्हणून काही घरचे चिडतात आणि पेशंट उचलून आणतात. तायांनो, विषाची लक्षणं दिसली की मगच लस देतात, कारण तिची रिअ‍ॅक्शनही येऊ शकते. तोवर निदान २४ तास तिथेच ठेवतात. श्वास अडला तर नळी घालायला माणसं हाताशी असतात.