मसाल्याला एक तारा मिळाला तर

आज बोलायचंय ते मोबाईलवर दिसणाऱ्या ताऱ्यांबद्दल. आपल्यातल्या बऱ्याच गटांनी आता गुगल मॅपवर आपल्या मालाचं पान उघडलंय. नाव, फोन नंबर, पापडाचे आणि मसाल्याचे फोटो, आणि खाली गिऱ्हाइकांनी दिलेले तारे आणि लिहिलेला अभिप्राय. पाच तारे आले की आपण एकमेकींना दाखवतो. पण एखादीनं एकच तारा दिला आणि खाली चार कडू ओळी लिहिल्या, तर काय करायचं?

एका गटाची हकिकत सांगते. गावाचं नाव घेत नाही. हा गट कांदा-लसूण मसाला करतो. ऐन आषाढात पुण्याच्या एका बाईंनी त्यांच्या पानावर एक तारा देऊन लिहिलं: ‘मसाल्याला गाठी झाल्यात, कुबट वास येतोय. दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. पैसे वाया गेले.’

गटात आधी काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. एकजण म्हणाली, आपल्या मसाल्याला आजवर कुणी नाव ठेवलं नाही. दुसरी म्हणाली, त्यांनीच ओला चमचा घातला असेल. तिसरीच्या मुलानं तर तेच टाईप करायला घेतलं होतं. सचिव ताईंनी त्याच्या हातातला फोन काढून घेतला, आणि बरं केलं. कारण तुमचं उत्तर त्या अभिप्रायाच्या खालीच, मालकाचं उत्तर म्हणून, सगळ्यांना दिसतं. त्या बाई वाचतीलच, पण त्यांच्यापेक्षा जास्त वाचतील त्या, ज्यांनी अजून तुमच्याकडून काही घेतलेलं नाही. दिवाळीच्या तोंडावर मसाला मागवायचा की नाही हे ठरवणारी बाई आधी वाईट अभिप्राय उघडते, आणि मग तुम्ही काय बोललात ते बघते. ‘तुम्हीच ओला चमचा घातला’ असं वाचलं की ती पुढच्या पानावर जाते. उद्या आपलंही असंच होईल, हे तिला कळतं.

मग सचिव ताईंनी केलं काय? आधी ऑर्डरची वही काढली. अभिप्रायावरच्या नावाची ऑर्डर वहीत नव्हती. असं बऱ्याचदा होतं, मोबाईलवरचं नाव वेगळं असतं किंवा ऑर्डर नवऱ्याच्या नावानं असते. पण त्या पंधरवड्यात पुण्याला अर्धा किलोची तीनच पाकिटं गेली होती, आणि त्यातल्या एका नंबरचे दोन मिस्ड कॉल गटाच्या फोनवर पडलेले होते. गिऱ्हाईक सापडलं.

मग पाहिला लॉट नंबर. पाकिटावर लॉट नंबर आणि तारीख घालतो, ती काही फक्त कायद्यासाठी नाही. अशा वेळी तोच दिवा असतो. ते पाकीट ज्या दिवशी भरलं, त्या दिवशी 20 किलो मसाल्याची 40 पाकिटं भरली होती. त्यातली 22 टपालानं गेली, 8 आठवडी बाजारात विकली गेली, 10 घरात शिल्लक होती. शिल्लक पाकिटांपैकी चार उघडली. तिघांत बोटानं दाबल्यावर न फुटणाऱ्या गाठी होत्या, आणि एकाला स्पष्ट कुबट वास होता.

म्हणजे त्या बाई खरं बोलत होत्या. कारणही सापडलं. पावसामुळे ऊन नव्हतं, कांदा नेहमीसारखा कडकडीत झाला नव्हता. शिवाय डंकावरून आलेला मसाला गरम असतानाच भरला होता, टपालाची वेळ गाठायची म्हणून. गरम मसाला पिशवीत बंद केला की त्याची वाफ आतच धरते, थंड झाली की पाणी होऊन मसाल्यात मुरते. तिथं गाठी होतात, आणि पुढं बुरशी. ओला चमचा नव्हता, आपलीच वाफ होती. मसाला परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मगच भरायचा, एवढंच त्यावर काम. पण हे शोधल्याशिवाय उत्तर लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर लिहिलं. गटाचं पान आपलंच आहे अशी गुगलकडून आधी खात्री करून घेतलेली असली, तरच अभिप्रायाखाली `Reply` असं दिसतं, हे लक्षात ठेवा. त्यांनी लिहिलेलं उत्तर वाचून दाखवते:

‘नमस्कार. मसाल्याला गाठी आणि कुबट वास आला, आणि तुमचा फोनही उचलला गेला नाही, याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो. त्याच दिवशी भरलेली आमच्याकडची चार पाकिटं उघडून पाहिली, तीनमध्ये ओल सापडली. मसाला गरम असताना भरला गेला होता. तो कृपया वापरू नका. त्या दिवसाच्या मालाची विक्री आम्ही थांबवली आहे. पैसे परत हवेत की नवं पाकीट, ते तुम्ही सांगाल तसं करू. गटाचा फोन आता रोज दुपारी 2 ते 5 उचलला जाईल. – सचिव.’

यातलं फोनचं वाक्य पुन्हा वाचा. गट बहुतेक वेळा मसाल्याबद्दल लिहितात आणि फोन विसरतात. पण त्या बाईंच्या तक्रारी दोन होत्या, आणि माझ्या मते दुसरी जास्त झोंबलेली होती. मसाला बिघडू शकतो हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. पण दोनदा फोन करून कुणी उचलत नाही, तेव्हा फसलो असं वाटतं. गटाचा फोन ज्या ताईंकडे असायचा, त्या दुपारपर्यंत शेतात असायच्या, एवढीच गोष्ट होती. म्हणून फोन आठवड्याप्रमाणे वाटून घेतला, आणि तेही उत्तरात लिहिलं.

उत्तरात काय नाही, तेही बघा. त्या बाईंचा नंबर, पत्ता, ऑर्डर कधीची, काहीच नाही. हे सगळ्यांसमोर लिहायचं नसतं, मग ती माहिती आपल्याकडे कितीही असो. ‘पाऊस फार होता, बाया कमी होत्या’ हेही नाही. कारण एका वाक्यात, बाकी सगळं काय करणार ते. उत्तर लिहून पाठवलं की ते लगेच पानावर दिसेलच असं नाही, कधी वेळ लागतो. म्हणून पुन्हा पुन्हा टाकू नका. आणि शब्द चुकला तर ते नंतर दुरुस्त करता येतं.

आता खरी अडचण. गटाच्या बैठकीत प्रश्न आला की बाकीच्या 21 जणींना कळवायचं का? त्यांची तर तक्रार नाही. झोपलेल्याला कशाला उठवायचं? सगळ्यांना पाकिटं बदलून द्यायची तर 320 रुपयांप्रमाणे 22 पाकिटांचे 7,040 रुपये, वर टपालखर्च. त्या महिन्याचा नफा जवळपास त्यात जाणार होता. बराच वेळ वाद झाला. शेवटी एका वयस्कर ताईंनी विचारलं, हा मसाला आपल्या नातवाच्या भाजीत घालाल का? कुणी हो म्हणालं नाही. बुरशी धरलेला मसाला ऊन दाखवून किंवा भाजून चांगला होत नाही. बुरशीचं विष भाजून जातंच असं नाही, आणि दिसत नाही म्हणून नाहीच असंही म्हणता येत नाही. म्हणून सगळ्यांना फोन गेले. बाजारात विकलेल्या आठ पाकिटांसाठी पुढच्या बाजारात पाटी लावली, त्यातली तीन परत आली. घरातली पाकिटं जमिनीत पुरली.

पुण्याच्या बाईंना सचिव ताईंनी स्वतः फोन केला. नाव सांगितलं, गट सांगितला, आत्ता बोलता येईल का विचारलं. मग गप्प बसल्या. त्या बाई रागातच होत्या, तीनचार मिनिटं बोलल्या. मध्ये ‘पण’ म्हणायचा मोह आवरणं हेच त्या फोनमधलं सगळ्यात अवघड काम असतं. त्यांचं बोलून झाल्यावर ताईंनी काय सापडलं ते सांगितलं, मसाला टाकून द्या म्हणाल्या, परत पाठवायला लावलं नाही. पैसे की पाकीट, असं विचारलं. बाई म्हणाल्या पैसे. त्याच संध्याकाळी टपालखर्चासकट पैसे त्यांच्या मोबाईलवर पाठवले.

आणि ताऱ्यांचं नावही काढलं नाही. ‘पैसे देतो, तेवढा तारा वाढवा’ किंवा ‘अभिप्राय काढून टाका’ असं म्हणायचं नाही. गुगलच्या नियमातच ते बसत नाही. अभिप्राय बदलण्यासाठी पैसे, सूट किंवा फुकट माल देऊ करायचा नाही. आणि नियम नसता तरी, तसं म्हटलं की माफीचा सौदा होतो. गिऱ्हाइकाला ते बरोबर ऐकू येतं.

दोन आठवड्यांनी त्या बाईंनी आपणहून अभिप्राय बदलला. तीन तारे केले आणि लिहिलं की गटानं फोन करून कारण सांगितलं, पैसे परत केले. बायका हिरमुसल्या, तीनच का म्हणून. मला विचाराल तर ‘छान आहे’ एवढंच लिहिलेल्या पाच ताऱ्यांपेक्षा हे तीन तारे मोलाचे आहेत. अडचण आली तर हा गट काय करतो, ते त्यात दिसतं. दिवाळीच्या आधी त्यांनी दोन पाकिटं मागवली, एक जावेसाठी.

प्रत्येक वेळी असं होत नाही. काहीजणी फोन उचलत नाहीत, अभिप्राय तसाच राहतो. एकदा फोन, एकदा निरोप, एवढ्यावर थांबा. मागे लागू नका. तुमचं उत्तर त्याच्याखाली आहे, वाचणारीला ते दिसतं.

आणि कधी अभिप्राय आपला नसतोच. वही, लॉट, फोन सगळं पाहूनही ऑर्डर सापडत नाही, किंवा लोणच्याची तक्रार असते आणि तुम्ही लोणचं करतच नाही. तेव्हाही खोटारडे म्हणू नका. लिहा, ‘आमच्या वहीत ही ऑर्डर सापडत नाही, आम्ही लोणचं करत नाही. पाकिटावरचा लॉट नंबर कळवलात तर नक्की बघू.’ अभिप्रायाच्या बाजूच्या तीन ठिपक्यांत तक्रार नोंदवायची सोय असते. शिवीगाळ, खोटा किंवा दुसऱ्याच दुकानाचा अभिप्राय असेल तर तिथून कळवा. पण गुगल फक्त नियम मोडलेला अभिप्राय काढतं, आपल्याला पटला नाही म्हणून नाही. तोवर घरातल्या दहा मोबाईलवरून पाच-पाच तारे टाकून तो खाली ढकलू नका. असे तारे गुगल काढून टाकतं, आणि कधी त्यांच्याबरोबर पानावर बंधनंही येतात.