गटावरचा पाडवा



2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला आला, रविवारी. आमच्या प्रभाग संघाच्या कार्यालयाचा मोबाइलवर एक गट आहे. त्यात आम्ही पैठणच्या बाया, बँकेतले तेलुगू बोलणारे साहेब, हिशोब लिहिणारा हिंदी भाषेचा मुलगा आणि घरी उर्दू बोलणाऱ्या दोघी ताई. शुभेच्छा सगळ्यांना द्यायच्या होत्या, आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ असं कुणालाच वाटू द्यायचं नव्हतं.

फिरत फिरत आलेला एक लांबलचक संदेश तयार होता. त्यात ‘आपलं सर्वांचं नववर्ष’ असं लिहिलेलं. पण ते खरं नाही. गुजराती माणसाचं वर्ष दिवाळीला बदलतं, तमिळ माणसाचं एप्रिलच्या मध्याला, इस्लामी वर्ष मोहरमला. म्हणून आम्ही ‘मराठी नववर्ष’ एवढंच म्हणायचं ठरवलं. वर्ष कुणाचं ते सरळ सांगावं, शुभेच्छा मात्र सगळ्यांना द्याव्यात.

साहेबांचा उगादी त्याच दिवशी होता. मराठी, तेलुगू आणि कानडी पंचांगात महिना अमावस्येला संपतो आणि वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला लागतं. शकही एकच, शालिवाहन शक. हा शालिवाहन म्हणजे आपल्या पैठणचा राजा, असं परंपरा मानते. पाडव्यापासून चालू इंग्रजी सालातून 78 वजा केले की शक मिळतो. 2025 मधून 78 गेले, राहिले 1947.

मग संदेश असा झाला:

‘आज गुढीपाडवा. मराठी नववर्ष, शके 1947. तुम्हा सर्वांना मनापासून शुभेच्छा. उगादी शुभाकांक्षलु. मराठी नववर्ष पर आप सबको शुभकामनाएँ.’

बस, एवढाच. चित्र लावलं नाही, कारण चित्रातली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. दोघी ताईंसाठी वेगळी ओळ घातली नाही. त्यांना मराठी चांगलं येतं, आणि नाव काढून वेगळी ओळ लिहिली की माणूस उलट वेगळा पडतो.

एकीनं विचारलं, ईदही तोंडावर आहे, दोन्ही एकातच उरकायचं का? आम्ही नको म्हटलं. एक तर सण उरकायचा नसतो. दुसरं, पाडव्याच्या सकाळी ईदचा दिवस ठरलेलाच नव्हता. चंद्र दिसणार संध्याकाळी. तो दिसला, 31 तारखेला ईद झाली, आणि त्या सकाळी ‘ईद मुबारक’चा वेगळा संदेश गेला.

एक गोष्ट मात्र निक्षून पाळली. मार्चअखेर होती, हिशोबाची घाई होती, तरी शुभेच्छांच्या खाली ‘वसुलीची यादी पाठवा’ असं लिहिलं नाही. यादी दुपारी मागितली.