बैठकीच्या तळाशी कंबर का वळते?

(मंडळाच्या व्यायाम शाखेच्या सभेतील भाषण)



गणेशोत्सवात आपल्याकडे खांद्यावर वजन घेऊन बैठका मारण्याची स्पर्धा होते. ‘बूड टाचेपर्यंत गेले तरच बैठक धरायची’ हा नियम आम्हीच, पंच म्हणून, इतकी वर्षे लावत आलो. तो यंदा बदलावा, असे सुचवायला आम्ही उभे आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे, सरकारी बांधकाम खात्यातले डिप्लोमावाले. पण दार कुठे अडते ते शोधायची सवय आहे.

आमचा भाचा 23 वर्षांचा. 60 किलोचा बार घेऊन खोल बसे. तळाशी पोहोचला की त्याचे बूड आत वळे आणि कंबर धनुष्यासारखी गोल होई. पुढे कंबर दुखू लागली. व्यायामशाळेत सांगितले, मांडीच्या मागचे स्नायू आखडलेत, ताण द्या. आम्हीही तेच सांगितले. तीन महिने बिचाऱ्याने ताण दिले, फरक शून्य.

फरक पडणार तरी कसा? ते स्नायू खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडून जातात. बसताना खुबा वाकतो तेव्हा ते ताणले जातात, पण गुडघाही वाकतो तेव्हा तितकेच सैल पडतात. त्यामुळे तळाशी ते क्वचितच आडवे येतात.

आडवे येते ते बहुधा हाड. खुबा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कटीच्या हाडातल्या खोबणीत फिरतो. गोळ्याखाली हाडाची मान असते. खूप खाली बसले की ही मान खोबणीच्या पुढच्या काठाजवळ येते आणि तिथे जागा संपते. तरीही खाली जायचेच म्हटले, तर कटीचे सगळे हाडांचे कडेच मागे कलते. कणा त्या कड्यावर उभा, म्हणून त्याच्याबरोबर कंबरही वळते.

ही खोबण प्रत्येकाची सारखी नसते. कुणाची उथळ, कुणाची खोल. कुणाची जास्त पुढे तोंड केलेली, कुणाची बाजूला. मानेचा कोनही वेगळा. म्हणून एकजण सहज टाचेपर्यंत बसतो आणि दुसरा मांडी जमिनीला समांतर झाली की अडतो. त्यात आळस नाही.

आता एक खुलासा. उकिडवे बसून भाजी चिरणाऱ्या आजीचीही कंबर गोल होते आणि तिचे काही बिघडत नाही. बिनवजनाच्या वळण्याला घाबरू नये. चिंता आहे ती जड वजनाखाली, तेच वळण पुन्हा पुन्हा घेण्याची.

भाच्याला आम्ही घरी सतरंजीवर हातापायांवर, रांगायच्या स्थितीत उभे केले. पाठ सपाट ठेवून बूड हळूहळू टाचांकडे न्यायला सांगितले आणि बाजूने मोबाईलवर चित्रण केले. इथे घोट्यावर भार नाही, तोल सांभाळायचा नाही. तरीही अर्ध्याहून थोडे पुढे गेल्यावर कंबर वळलीच. मग गुडघे दोन्ही बाजूंना चार-चार बोटे रुंद केले. आता तो बराच मागे गेला, मगच वळला. म्हणजे अडचण खुब्यात, आणि पाय रुंद केले की मानेला जागा मिळते.

रांगताना कंबर नीट राहिली असती, तर आम्ही घोट्याकडे पाहिले असते. उभ्याने टाचेखाली बोटभर जाडीची फळी ठेवून बसवायचे. तेवढ्याने कंबर सुधारली तर घोटा ताठ आहे असे समजावे. या घरगुती परीक्षा अंदाजापुरत्या. हाडाचा खरा आकार क्ष-किरणांसारख्या तपासणीतच दिसतो. जांघेत पुढून चिमटा बसल्यासारखे दुखत असेल, तर परीक्षा सोडून अस्थितज्ज्ञाकडे जावे.

आणखी एक चूक सापडली. ‘छाती बाहेर, कंबर आत’ म्हणत तो सुरुवातीलाच कंबरेला जास्त बाक देई. त्याने कटीचे कडे पुढे झुकते, खोबणीचा काठ मानेच्या जवळ येतो आणि अडथळा लवकर लागतो. पोट आवळून कंबर साधी ठेवल्यावर दोन-तीन बोटे खोली आपोआप वाढली.

महिनाभर त्याने 40 किलोच घेतले. पाय रुंद, चवडे बाहेर वळवलेले, मागे बाक, आणि बूड बाकाला टेकले की वर. दुखणे ओसरले, वजन कमी केल्याचाही त्यात वाटा असणार, हे कबूल. हळूहळू तो 60 वर परतला. टाचेपर्यंत मात्र आजही जात नाही. “मामा, मग मी स्पर्धेत बाद का?” असे त्याने विचारले, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून सूचना अशी. प्रत्येक स्पर्धकामागे फळ्या रचून त्याच्या गुडघ्याच्या उंचीचा बाक करावा. बूड फळीला टेकले की बैठक धरावी. पाय किती रुंद ठेवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. कंबर स्पष्ट गोल होताना दिसली तर पंचांनी वजन उतरवायला सांगावे. फळ्या आम्ही आणतो.