मोठ्या वर्कबुकची अनुक्रमणिका

गृहनिर्माण सोसायटीचा देखभाल हिशेब एक्सेलमध्ये फ्लॅटगणिक एक शीट धरून ठेवला, तर सहा मजल्यांच्या, दर मजल्याला तीन घरे असलेल्या दोन विंगांसाठी 36 शीट होतात. स्क्रीनच्या तळाशी त्यांतले थोडेच टॅब दिसतात. बाकीचे शोधायला बाणाचे बटण दाबत बसावे लागते. अशा वर्कबुकला पहिले पान अनुक्रमणिकेचे असावे आणि प्रत्येक शीटवरून तिथे परतता यावे.

काम नावांपासून सुरू होते. लिंक शीटला तिच्या नावाने शोधते, म्हणून नाव न बदलणारे हवे. फ्लॅट विकला की मालक बदलतो, पण क्रमांक तोच राहतो. त्यामुळे शीटचे नाव मालकाच्या आडनावाऐवजी ‘अ-101’ असे ठेवणे शहाणपणाचे. मालकाचे नाव अनुक्रमणिकेत शेजारच्या स्तंभात लिहावे, तिथे ते केव्हाही बदलता येते.

आता सर्वांत पुढे ‘अनुक्रम’ नावाची नवी शीट घ्यावी. पहिली ओळ मथळ्यासाठी सोडून A स्तंभात अ-101 पासून ब-603 पर्यंत नावे टॅबवर आहेत तशीच उतरवावीत. मग B2 मध्ये हा फॉर्म्युला लिहून तो खालपर्यंत ओढावा.

```
=HYPERLINK("#'"&A2&"'!A1","उघडा")
```

यातले हॅशचे चिन्ह ‘याच वर्कबुकमध्ये’ असे सांगते. ते राहिले तर एक्सेल त्या नावाची वेगळी फाइल शोधते आणि ती उघडता येत नसल्याचा संदेश देते. नावाभोवतीची एकेरी अवतरणे नावात मोकळी जागा किंवा ‘अ-101’ मधल्यासारखी आडवी रेघ असली की लागतातच. ती नेहमी द्यावीत, साध्या नावालाही त्यांचा त्रास होत नाही.

लिंक दाबल्यावर Reference isn't valid असा संदेश आला, तर A स्तंभातले नाव आणि टॅबवरचे नाव यांत फरक आहे. हा फरक बहुधा डोळ्यांना दिसत नाही, कारण तो शेवटी पडलेल्या एका मोकळ्या जागेचा असतो. शेजारच्या रिकाम्या सेलमध्ये =LEN(A2) लिहून पाहावे. ‘अ-101’ साठी उत्तर 5 यायला हवे. 6 आले, तर जास्तीची जागा A2 मध्येच आहे, आणि 5 आले तर टॅबचे नाव तपासावे. शीट लपवलेली असेल तर लिंक दाबूनही ती उघडत नाही, आधी ती Unhide करावी लागते.

परतीच्या लिंकसाठी अनुक्रम शीटवरच्या A1 सेलला स्वतःचे नाव द्यावे. तो सेल निवडून फॉर्म्युला पट्टीच्या डावीकडील चौकटीत Anukram लिहायचे आणि एंटर दाबायचे. असे नाव सेलला चिकटते, त्यामुळे पुढे त्या शीटचे नाव बदलले तरी परतीची लिंक तुटत नाही.

ही लिंक 36 ठिकाणी एकदाच लिहिता येते. अ-101 चा टॅब दाबावा, मग शिफ्ट धरून ब-603 चा दाबावा. अनुक्रम शीट या गटात येऊ देऊ नये. वर शीर्षकपट्टीत Group असे दिसले की वरती एक रिकामी ओळ घालून A1 मध्ये लिहावे:

```
=HYPERLINK("#Anukram","अनुक्रमाकडे")
```

एरवी लिंक घालण्यासाठी वापरतात ती Ctrl+K ची खिडकी गट निवडलेला असताना मिळत नाही, म्हणून इथे फॉर्म्युलाच लागतो. तो लिहून होताच कोणत्याही टॅबवर उजवे बटण दाबून Ungroup Sheets निवडावे. ही पायरी विसरणे सर्वांत महाग पडते. गट तसाच राहिला आणि अ-101 च्या मालकाने भरलेली रक्कम नोंदवली, तर ती 36 घरांच्या खात्यांत एकाच सेलमध्ये जमा होते आणि तिथे आधी असलेला आकडा पुसला जातो. समोर एकच शीट दिसत असल्याने हे लगेच लक्षातही येत नाही.

खाली सरकल्यावरही लिंक दिसत राहावी म्हणून पहिली ओळ Freeze Top Row ने गोठवावी. हे मात्र प्रत्येक शीटवर वेगळे करावे लागते. लिंकचा सेल दुरुस्त करायचा असेल, तर बाणाच्या कळांनी तिथे जावे, म्हणजे उडी बसत नाही.

पुढे नवी शीट लागली, तर कोरी न घेता जुन्या शीटची प्रत काढून तिच्यातल्या नोंदी पुसाव्यात. परतीची लिंक प्रतीबरोबर आपोआप येते. अनुक्रमात नवे नाव लिहून B स्तंभातला फॉर्म्युला एक ओळ खाली ओढला की ते पानही जोडले जाते. उलट शीट काढून टाकली, तर तिची अनुक्रमातली ओळ हातानेच काढावी लागते.